आधी फोटो, मग नाव

तुळशीचे लग्न लागले की पुणे-सोलापूर महामार्गालगतच्या गावांत पार्लरवालीच्या वहीत साखरपुडे, हळदी आणि लग्नांच्या तारखा भरू लागतात. पूर्वी ही कामे शेजारणीच्या किंवा मावशीच्या शब्दावर मिळत. आता नवरी आणि तिची बहीण आधी इन्स्टाग्रामवर फोटो पाहतात, मग गूगलवर पत्ता शोधतात, मग भाव विचारतात आणि अॅडव्हान्स पाठवतात. दुकानात पाऊल टाकण्याच्या आधीच निवड झालेली असते. नक्कल करणाऱ्याला नेमकी हीच फट सापडते. समजा, दौंड तालुक्यातील कासुर्डीत ‘स्वरूपा ब्रायडल स्टुडिओ’ या नावाने एक पार्लर पाच-सहा वर्षे चालू आहे. एका हंगामात यवतमध्ये ‘स्वरूप ब्रायडल मेकअप स्टुडिओ’ सुरू होतो. त्याच्या खात्यावर कासुर्डीच्या पार्लरने सजवलेल्या नवऱ्यांचे फोटो दिसतात आणि ‘ब्रायडल बुकिंगवर हळदीचा मेकअप मोफत’ ही ऑफरही शब्दशः तीच असते. हे पार्लर कल्पित आहे, पण यात तीन वेगवेगळ्या गोष्टी उचलल्या गेल्या आहेत, आणि प्रत्यक्षातही असेच घडते. सर्वांत जास्त राग ऑफरचा येतो, कारण गिऱ्हाईक तिच्यामुळे गेले असे वाटते. त्याखालोखाल नावाचा येतो. फोटोंचे दुःख सर्वांत कमी, कारण ‘फोटो तर सगळेच उचलतात’. कायद्याचा क्रम मात्र बरोबर उलटा आहे. फोटोंवर त्याची पकड सर्वांत घट्ट आहे, नावावर पुराव्याच्या प्रमाणात आहे आणि ऑफरवर जवळजवळ नाही. म्हणून उत्तर देताना रागाचा क्रम सोडावा आणि फोटोंपासून सुरुवात करावी, असे माझे म्हणणे आहे. त्याची कारणे पुढे मांडतो.

ऑफरपासून सुरुवात करतो, कारण तिच्यामागे धावण्यात वेळ आणि पैसा सर्वांत जास्त वाया जातो. भाव किती लावायचा, कशाबरोबर काय मोफत द्यायचे, कोणत्या वारी सूट ठेवायची या व्यवसायाच्या कल्पना आहेत, आणि कल्पनेवर कोणाचीही मालकी नसते. कॉपीराइट कायदा कल्पनेच्या मांडणीला संरक्षण देतो, कल्पनेला नाही. फेशियलवर थ्रेडिंग मोफत देण्याचा हक्क यवतच्या पार्लरलाही आहे आणि उरुळी कांचनच्याही. तशी ऑफर पहिल्यांदा आपण काढली हे सिद्ध करता आले, तरी त्यातून बंदीचा हक्क निर्माण होत नाही. दोन अपवाद आहेत. ऑफरच्या पोस्टरचे चित्र, रंगयोजना, अक्षररचना आणि मजकूर जसेच्या तसे उचलले असतील, तर ते पोस्टर ही स्वतंत्र कलाकृती ठरू शकते आणि तिची नक्कल फोटोच्या नकलेसारखीच हाताळता येते. दुसरा अपवाद असा की आपल्या नावाशी मिळत्याजुळत्या नावाखाली तीच ऑफर दिली जात असेल, तर गिऱ्हाइकाची फसगत झाल्याचा पुरावा म्हणून ती ऑफर उपयोगी पडते. तिथे तक्रार नावाची असते आणि ऑफर फक्त साक्षीला येते. तिसऱ्या दुकानाने केवळ भाव पाडले म्हणून नोटीस पाठवणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही, आणि पुढे खऱ्या तक्रारीलाही उत्तर देताना समोरचा वकील पहिल्या फोल नोटिशीकडे बोट दाखवतो.

नाव आणि ओळख यांतला फरक पुण्यातल्या एका अलीकडच्या प्रकरणाने स्पष्ट होतो. एप्रिल २०२५मध्ये चितळे बंधूंच्या वतीने विश्रामबाग पोलीस ठाण्यात बाकरवडीच्या नकलेबद्दल फिर्याद दाखल झाली. चव बदलल्याच्या तक्रारी ग्राहकांकडून येऊ लागल्या, म्हणून शोध घेतला तेव्हा बाजारातल्या दुसऱ्याच बाकरवडीच्या पाकिटावर चितळे बंधूंचा ई-मेल पत्ता, ग्राहकसेवा क्रमांक आणि उत्पादनाचा तपशील छापलेला आढळला, असा आरोप होता. गुन्हा फसवणुकीच्या कलमाबरोबरच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-क आणि ६६-ड या कलमांखाली नोंदवला गेला. पहिले कलम दुसऱ्याची ओळखचिन्हे वापरण्याबद्दल आहे, दुसरे संगणकीय साधनाने तोतयेगिरी करून फसवण्याबद्दल. गुन्हा नोंदणे म्हणजे निकाल नव्हे, हे लक्षात ठेवूनही त्यातून एक गोष्ट शिकता येते. ‘चितळे’ हे आडनाव आहे, ते दुसऱ्या दुकानदाराचेही असू शकते. स्वतःचे नाव प्रामाणिकपणे व्यवसायात वापरण्याची मुभा ट्रेडमार्क कायद्याच्या ३५व्या कलमात आहे, त्यामुळे फक्त नावावर भांडण अडले असते तर वाद लांबला असता. ई-मेल आणि ग्राहकसेवा क्रमांक मात्र योगायोगाने कोणाच्या पाकिटावर येत नाहीत. जे निव्वळ योगायोगाने सारखे असू शकत नाही, त्यावर आधी बोट ठेवायचे. पार्लरच्या बाबतीत असा तपशील म्हणजे फोटो. ‘स्वरूपा’ हे नाव दोघींना सुचू शकते, पण एका नवरीच्या कपाळावरची तीच चंद्रकोर, त्याच नथीसह, त्याच खिडकीच्या उजेडात दोघींना मिळणे शक्य नाही.

फोटोंवरची पकड घट्ट का, ते आता पाहू. भारतात कॉपीराइट नोंदणीशिवाय, फोटो काढल्याक्षणीच निर्माण होतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात फोटो ही कलाकृती मानली आहे, मग ती सुंदर असो वा नसो, आणि फोटो काढणारी व्यक्ती ही तिची कर्ती असते. पार्लरच्या मालकिणीने स्वतःच्या मोबाइलवर काढलेला बिफोर-आफ्टर फोटो तिचा. तिच्या पगारी मदतनीस मुलीने कामाचा भाग म्हणून काढलेला फोटोही, वेगळा करार नसेल तर, मालकिणीचा. हे सोपे आहे. पण ब्रायडल कामातले सर्वांत देखणे फोटो बहुधा लग्नाच्या फोटोग्राफरने काढलेले असतात, आणि इथे बहुतेक पार्लरवाल्यांचा समज चुकतो. मेकअप आपण केला म्हणून फोटो आपला, असे कायदा म्हणत नाही. १७वे कलम सांगते की कोणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला असेल, तर वेगळा करार नसल्यास पहिली मालकी पैसे देऊन काढवून घेणाऱ्याची. लग्नात पैसे नवरीच्या किंवा नवऱ्याच्या घरच्यांनी दिलेले असतात. म्हणजे ज्या फोटोंवरून कासुर्डीच्या पार्लरची ख्याती झाली, त्यांची मालकी कदाचित सहजपूर किंवा केडगावच्या एखाद्या कुटुंबाकडे असते. असे फोटो घेऊन तक्रार केली आणि समोरच्याने ‘हा फोटो तुमचा कसा?’ असे विचारले, तर तक्रार तिथेच अडते.

यावर उपाय अवघड नाही, पण तो तक्रारीच्या आधी करावा लागतो. आज आपल्या खात्यावर असलेल्या फोटोंच्या तीन राशी करायच्या. पहिली स्वतः काढलेल्यांची: या फोटोंच्या मूळ फाइल फोनमध्ये किंवा ड्राइव्हवर जशाच्या तशा असाव्यात, कारण मूळ फाइलमध्ये काढल्याची तारीख, वेळ आणि फोनचे मॉडेल नोंदलेले असते. व्हॉट्सअॅपवरून फिरून आलेल्या प्रतीत हा तपशील गळून पडतो आणि फोटो लहानही होतो. मोठा, न कापलेला मूळ फोटो ज्याच्याकडे आहे तोच खरा, हे एखाद्या अधिकाऱ्यालाही दाखवताक्षणी पटते. दुसरी रास फोटोग्राफरने काढलेल्यांची: यांच्यासाठी नवरीकडून किंवा तिच्या घरच्यांकडून, आणि शंका असेल तर फोटोग्राफरकडूनही, लेखी हस्तांतर घ्यावे. कॉपीराइटचे हस्तांतर लेखी आणि सहीचे असावे लागते. त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षांची धरली जाते, म्हणून मुदत लिहून घ्यावी. तोंडी ‘वापरा की ताई’ हे फोटो लावायला पुरते, दुसऱ्याविरुद्ध उभे राहायला पुरत नाही. तिसरी रास इंटरनेटवरून घेतलेल्यांची, आणि ती निमूटपणे काढून टाकायची. स्वतःच्या भिंतीवर मुंबईच्या किंवा परदेशी कलाकाराचे फोटो ठेवून दुसऱ्यावर चोरीचा आरोप करणे नैतिकदृष्ट्या चूक आहेच, आणि मनाईहुकूम मागणाऱ्याचे हात स्वच्छ असावेत ही न्यायालयाचीही अपेक्षा असते. एक गोष्ट इथे वेगळी सांगायला हवी. फोटोतल्या नवरीची संमती आणि फोटोची मालकी या दोन निराळ्या बाबी आहेत. तिचा चेहरा अनोळखी दुकानाच्या जाहिरातीत वापरला गेला, तर तक्रार तिचीही आहे. अनेकदा तिच्या घरून गेलेला एक फोन आपल्या नोटिशीपेक्षा लवकर फोटो उतरवतो.

आता पुरावा. फोटो उतरवून घेण्याची घाई इतकी असते की तक्रार करण्यापूर्वी पुरावा जमवायचा राहतो, आणि नक्कल उतरली की तिच्यासोबत पुरावाही नाहीसा होतो. त्यामुळे पहिले दोन दिवस समोरच्याला काही न कळवता नोंदी कराव्यात. खात्याचे नाव, पूर्ण वेबपत्ता, प्रत्येक चोरलेल्या फोटोचा वेगळा पत्ता आणि तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्यावेत. स्टोरी चोवीस तासांत जाते, म्हणून तिचे स्क्रीन रेकॉर्डिंग करावे. यवतच्या फ्लेक्सचा फोटो घ्यावा. ओळखीच्या कोणाला तरी तिथे पाठवून थ्रेडिंग करून घ्यावे आणि बिल किंवा युपीआयची पावती जपावी, त्यावरून पैसे कोणाच्या खात्यात जातात ते कळते. हे स्क्रीनशॉट पुढे न्यायालयात चालायचे असतील, तर १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३व्या कलमाप्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते. त्याचे दोन भाग आहेत. एक भाग ज्याच्या फोनवर नोंद झाली त्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलचे हॅश मूल्य लिहायचे असते. हे मूल्य फाइलमधून गणिताने काढलेली अक्षरांची एक ओळ असते आणि फाइलमध्ये तिळाएवढा बदल झाला तरी ती बदलते. म्हणून स्क्रीनशॉट कापू नयेत, त्यांवर लाल वर्तुळे काढू नयेत. वर्तुळे काढायची असतील तर ती वेगळ्या प्रतीवर काढावीत.

सर्वांत मोलाचा पुरावा मात्र विनासायास येतो आणि बहुतेक जण तो पुसून टाकतात. ‘ताई, तुमच्या यवतच्या ब्रँचला ॲडव्हान्स दिलाय, तारीख पक्की ना?’ असा एखादा संदेश येतो. उत्तर म्हणून चिडून ‘आमची ब्रँच नाही’ एवढेच लिहिले जाते आणि संभाषण पुढे सरकून हरवते. गिऱ्हाइकाची प्रत्यक्ष गफलत झाली हे दाखवणाऱ्या अशा संदेशाची बरोबरी दुसरा कोणताही पुरावा करू शकत नाही. तो आला की नम्रपणे विचारावे की जाहिरात कुठे पाहिली, पैसे कोणाला पाठवले, आणि पुढे लागलेच तर हे लिहून द्याल का. असे तीन-चार संदेश जमले तर नावाच्या वादाचा पाया तयार होतो.

पुरावा हाती आल्यावर फोटो उतरवायला न्यायालयात जावे लागत नाही. इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर कॉपीराइट तक्रारीचा वेगळा फॉर्म आहे. नुसते ‘रिपोर्ट’ दाबून ‘आवडले नाही’ किंवा ‘स्पॅम’ निवडल्यास ती तक्रार दुसऱ्याच रांगेत जाते. फॉर्ममध्ये एका बाजूला आपल्या मूळ पोस्टचा पत्ता आणि दुसऱ्या बाजूला नकलेचा पत्ता, फोटोगणिक द्यावा. गूगल मॅप्सवर नक्कल करणाऱ्याने आपलाच पत्ता किंवा फोन स्वतःच्या नोंदीत घातला असेल, तर व्यवसायाची खोटी माहिती दिल्याबद्दल गूगलचा तक्रार फॉर्म आहे, आणि फोटोंसाठी कायदेशीर तक्रारीचा वेगळा. ही यंत्रणा भारतीय कायद्यावरही टेकलेली आहे. कॉपीराइट नियम, २०१३ मधील ७५वा नियम लेखी तक्रार कशी करायची ते सांगतो: मालकी कशी आहे, नक्कल कुठे आहे, हे लिहायचे आणि २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणण्याची हमी द्यायची. अशी तक्रार मिळाल्यावर मजकूर साठवणाऱ्या कंपनीने ३६ तासांत पावले उचलायची असतात, मात्र २१ दिवसांत आदेश आला नाही तर ती तो मजकूर पुन्हा खुला करू शकते. म्हणून साध्या नकलेला कंपनीचा स्वतःचा फॉर्म पुरतो, आणि समोरचा हट्टाने पुन्हा पुन्हा चढवत असेल तर नियम ७५चा मार्ग वकिलाच्या साथीने घ्यावा. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने दाद दिली नाही, तर केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे gac.gov.in वर अपील करता येते.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. फोटो उतरले तरी नाव तसेच राहते, मग काय साधले? दोन गोष्टी साधतात. नक्कल करणाऱ्याचे खाते रिकामे दिसू लागते, आणि ज्या व्यवसायात गिऱ्हाईक फोटो पाहूनच येते तिथे लग्नसराईत रिकामे खाते परवडत नाही. शिवाय, एका कंपनीने तक्रार मान्य करून फोटो काढले ही नोंद पुढे नावाच्या वादात उपयोगी पडते. ज्याने फोटो उचलले त्याला नाव योगायोगाने सुचले, या बचावावर मग कोणी विश्वास ठेवत नाही. अप्रामाणिक हेतू सिद्ध करणे हा नावाच्या खटल्यातला सर्वांत कठीण भाग, आणि फोटोंची चोरी तो जवळपास सिद्ध करून देते.

नावाबद्दल सर्वांत जास्त ऐकू येणारा आक्षेप असा: आमचे गावातले छोटे पार्लर, ट्रेडमार्क नाही, कोण विचारतो? याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने एका फोटो स्टुडिओच्या प्रकरणात दिले आहे. अहमदाबादमध्ये लक्ष्मीकांत पटेल १९८२पासून ‘मुक्ताजीवन कलर लॅब अँड स्टुडिओ’ चालवत होते. दुसऱ्याने त्याच शहरात ‘मुक्ताजीवन’ हे नाव घेऊन कलर लॅब काढली. खालच्या न्यायालयाने आणि उच्च न्यायालयाने मनाईहुकूम नाकारला. दोन्ही दुकानांत काही किलोमीटरचे अंतर असल्याचा मुद्दाही तिथे पुढे आला होता. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००१मध्ये हे निकाल फिरवले. प्रामाणिकपणे धंदा करणाऱ्याच्या नावाभोवती कालांतराने पत जमते, ती त्याची मालमत्ता असते, आणि आपला धंदा दुसऱ्याचा आहे असे भासवण्याचा हक्क कोणालाही नाही, असे त्या निकालाचे सार आहे. त्या नावाला ट्रेडमार्क नोंदणीचा आधार नव्हता. १९९९च्या ट्रेडमार्क कायद्याचे २७वे कलमही नोंदणी नसलेल्या नावासाठी ही दाद राखून ठेवते. वकिलीच्या भाषेत तिला ‘पासिंग ऑफ’ म्हणतात. तिच्यासाठी तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: आपल्या नावाला पत आहे, समोरच्याच्या वापराने गिऱ्हाईक फसते, आणि त्याने आपले नुकसान होते किंवा होईल. कासुर्डी आणि यवतमधले अंतर या तिन्हींतले काहीही पुसत नाही. केडगावची नवरी फोनवर शोधते तेव्हा दोन्ही दुकाने तिच्यासाठी सारख्याच अंतरावर असतात.

हे खरे असले तरी नावाची ताकद नावावरही अवलंबून असते, आणि इथे पार्लरवाल्यांनी कटू सत्य ऐकले पाहिजे. ‘सौंदर्य’, ‘ब्रायडल’, ‘ग्लो’, ‘लूक्स’ असे शब्द सेवेचे वर्णन करतात. वर्णनात्मक शब्दाची नोंदणी ९व्या कलमाने अडते, आणि पासिंग ऑफमध्येही तो शब्द तुमच्याच दुकानाशी जोडला गेला आहे हे वेगळे दाखवावे लागते. गावाचे नाव जोडल्याने फार काही होत नाही. उलट ज्याचा ब्यूटी व्यवसायाशी संबंध नाही असा शब्द, आडनाव-टोपणनावाचा जोड किंवा घडवलेला शब्द लवकर बळकट होतो. ग्रामपंचायतीचा दाखला, शॉप ॲक्टची नोंद किंवा उद्यम प्रमाणपत्र यांपैकी कशानेही नावावर मालकी येत नाही. नाव कोणत्या तारखेपासून वापरात आहे हे मात्र ती कागदपत्रे दाखवतात, म्हणून जपावीत. मालकीसाठी अर्ज ट्रेडमार्क कार्यालयाकडे, सेवांच्या ४४व्या वर्गात करायचा. सौंदर्यसेवा त्याच वर्गात येतात. महाराष्ट्रातील अर्ज मुंबईच्या कार्यालयाकडे जातात आणि व्यक्ती किंवा लघुउद्योगासाठी ऑनलाइन शुल्क एका वर्गाला ४,५०० रुपये आहे. अर्ज जाहीर झाल्यावर हरकतींसाठी चार महिने असतात आणि नोंदणी मिळाली की ती अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षे चालते. अर्ज केल्यावर नावापुढे ‘टीएम’ लावता येते. वर्तुळातला ‘आर’ मात्र प्रमाणपत्र हाती येईपर्यंत लावू नये, कारण नोंदणी नसताना ती आहे असे भासवणे दंडनीय आहे. नावाचा पहिला वापर कधी केला हे अर्जात लिहायचे असते, आणि ती तारीख बिले, फ्लेक्सची पावती, पहिल्या पोस्टची नोंद यांच्या आधारेच लिहावी.

तारीख इतकी महत्त्वाची का, हे पुण्यातल्याच बर्गर किंगच्या वादाने शिकवले. अमेरिकी कंपनीने २०११मध्ये पुण्यातल्या त्याच नावाच्या स्थानिक उपाहारगृहाविरुद्ध दावा लावला. ऑगस्ट २०२४मध्ये पुण्याच्या जिल्हा न्यायालयाने तो फेटाळला. कारण असे की ते उपाहारगृह १९९०च्या दशकाच्या आरंभापासून ते नाव वापरत होते, आणि कंपनीचे भारतातले पहिले दुकान २०१४मध्ये उघडले. प्रकरण पुढे उच्च आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. जगभर दुकाने असलेली कंपनीही आधीच्या प्रामाणिक वापरासमोर अडखळते, हा त्यातला एक भाग. ट्रेडमार्क कायद्याचे ३४वे कलम आधीच्या वापरकर्त्याला नोंदणीपासूनही वाचवते. म्हणून यवतच्या पार्लरवर तुटून पडण्यापूर्वी त्याचे नाव आपल्याही आधीचे तर नाही ना, याची खात्री करावी. दुसरा भाग असा की दावा दाखल होण्यापासून निकालापर्यंत तेरा वर्षे गेली. पार्लरच्या हिशेबात तेरा वर्षे म्हणजे एक अख्खी पिढी. त्यामुळे अंतिम निकालावर नाही, तर खटला चालू असेपर्यंतच्या अंतरिम मनाईहुकुमावर भिस्त ठेवायची. तो मिळतो तो तत्परतेने येणाऱ्याला. नक्कल कळूनही दोन लग्नसराया गप्प बसलेल्याला न्यायाधीश पहिला प्रश्न विचारतील की इतके दिवस का थांबलात.

न्यायालयाच्या आधीची पायरी नोटिशीची. चांगली नोटीस लहान असते. त्यात आपला वापर कधीपासून, कोणते फोटो कोणत्या पत्त्यावर उचलले, कोणती गिऱ्हाइके गोंधळली, काय थांबवायचे आणि किती दिवसांत, एवढे असावे. पंधरा दिवस पुरतात. आकड्यांची भीती घालणारी, पाच कोटींची भरपाई मागणारी नोटीस समोरच्याला हट्टाला पेटवते. शिवाय आधार नसताना ट्रेडमार्कच्या दाव्याची धमकी देणाऱ्याविरुद्धच दाद मागण्याची सोय १४२व्या कलमात आहे, आणि कॉपीराइटमध्येही तशीच ६०व्या कलमात. त्याहून मोठा धोका गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचा. ‘या चोरट्या बाईकडे जाऊ नका’ असे स्टेटस टाकले की बदनामीच्या तक्रारीचे हत्यार आपणच समोरच्याच्या हाती देतो. गिऱ्हाइकांना सांगणे तर आवश्यक आहे. मग फक्त स्वतःबद्दलचे सत्य सांगावे: आमचे दुकान कासुर्डीत एकच आहे, दुसरी शाखा नाही, बुकिंगचा अॅडव्हान्स याच क्रमांकावर घेतला जातो. दुसऱ्याचे नाव घेण्याची गरज नसते. काम बोलेल, नकलेकडे लक्ष देऊ नका, असा सल्लाही बरेच जण देतात. दुसरे काम करणाऱ्यासाठी तो कदाचित बरा असेल. पण नकली दुकानात केराटिनने एखाद्या मुलीचे केस गेले किंवा स्वस्त ब्लीचने तिच्या चेहऱ्यावर चट्टे उठले, तर सासर-माहेरच्या दोन्ही गावांत नाव मूळ पार्लरचे घेतले जाईल. या व्यवसायात नक्कल म्हणजे अंगावर होणाऱ्या कामाची जबाबदारी दुसऱ्याच्या नावावर टाकणे, म्हणून इथे गप्प बसणे परवडत नाही.

पोलिसांकडे कधी जायचे, हा प्रश्न नेहमी येतो. ‘हे दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा’ असे उत्तर ठाण्यात मिळते, आणि केवळ मिळतेजुळते नाव असेल तर ते बहुतांशी बरोबरही आहे. ट्रेडमार्कच्या फौजदारी कलमांत झडती-जप्ती उपअधीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायची असते, आणि तीही ट्रेडमार्क निबंधकाचे मत घेऊन. फोटोंचे तसे नाही. जाणूनबुजून कॉपीराइट भंग करणे हा कॉपीराइट कायद्याच्या ६३व्या कलमाखाली गुन्हा आहे, त्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे, आणि तो दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२मध्ये ‘निट प्रो’ प्रकरणात स्पष्ट केले. म्हणजे यवत पोलीस ठाण्यात फोटोंच्या मूळ फाइल आणि नकलेचे पत्ते घेऊन गेल्यास तक्रार ऐकून घेणे ठाण्याला भाग आहे. तरीही एका फोटोसाठी शेजारच्या गावच्या बाईला अजामीनपात्र गुन्ह्यात ओढावे, असे मला वाटत नाही. कायदा परवानगी देतो म्हणून ते शहाणपणाचे ठरत नाही, आणि पुढे समझोत्याची वाट त्याने बंद होते. ठाण्याची पायरी राखून ठेवावी ती पैशाच्या फसवणुकीसाठी: कोणी आपले नाव आणि फोटो लावून अॅडव्हान्स गोळा करून गायब होत असेल, तेव्हा थांबू नये. पैसे गेलेल्या गिऱ्हाइकाने लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा किंवा cybercrime.gov.in वर नोंद करावी, कारण रक्कम गोठवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते, आणि आपण स्वतंत्रपणे तोतयेगिरीची तक्रार द्यावी.

दावा करायचाच झाला, तर ट्रेडमार्कचा, पासिंग ऑफचा किंवा कॉपीराइटचा दावा जिल्हा न्यायालयाच्या दर्जाखालील न्यायालयात चालत नाही. तालुक्याच्या कनिष्ठ स्तर न्यायालयात तो लावण्याचा सल्ला कोणी दिला तर सावध व्हावे. दाव्याचे मूल्य तीन लाख किंवा अधिक असेल तर तो व्यापारी न्यायालयाकडे जातो, आणि तातडीचा अंतरिम आदेश मागितला नसेल तर आधी मध्यस्थीची फेरी बंधनकारक असते. नोंदणी झालेल्या नावाचा एक व्यावहारिक फायदा इथे दिसतो. नोंदणीकृत ट्रेडमार्कचा दावा आपण जिथे व्यवसाय करतो तिथल्या न्यायालयात लावता येतो, पासिंग ऑफमध्ये मात्र समोरचा जिथे आहे किंवा फसगत जिथे घडली तिथले न्यायालय पाहावे लागते. नक्कल करणारी भीमेपलीकडे श्रीगोंद्यात असेल तर हा फरक प्रवासाच्या खर्चात मोजता येतो.

बहुतेक वाद मात्र इतके दूर जाऊ नयेत आणि जाण्याची गरजही नसते. फोटो उतरलेले, नोटीस पोचलेली, गोंधळलेल्या गिऱ्हाइकांचे संदेश वकिलाच्या फाइलमध्ये, एवढ्यावर समोरची बाजू बोलणी करायला तयार होते. त्या वेळी तोंडी माफी पुरेशी मानू नये. मुद्रांक कागदावर हमीपत्र घ्यावे. त्यात नाव बदलण्याची तारीख असावी. नवे नाव कोणते तेही लिहावे, नाहीतर ‘स्वरूप’चे ‘स्वरूपम’ होते. इन्स्टाग्रामचे खाते, गूगलची नोंद, फ्लेक्स, बिलबुक आणि व्हॉट्सअॅपचे नाव यांचा एकेक उल्लेख असावा, कारण सर्वसाधारण शब्दांत दिलेल्या हमीतून गूगलची नोंद हमखास निसटते. जुन्या नावाने आधीच घेतलेल्या बुकिंगचे काय, हेही लिहावे: त्या नवऱ्यांना नवे नाव कळवून, हवे तर अॅडव्हान्स परत करून. बदलासाठी पंधरा दिवसांची सवलत द्यावी आणि शक्यतो ती लग्नसराईच्या मध्यावर येऊ देऊ नये. समोरचीही पोट भरण्यासाठीच दुकान चालवत असते, आणि सवलत मिळालेली हमी जास्त पाळली जाते. शेवटचे कलम पुन्हा नक्कल झाल्यास किती रक्कम द्यायची याचे असावे. ती रक्कम वाजवी असावी, कारण दंड म्हणून फुगवलेला आकडा न्यायालय जसाच्या तसा मंजूर करत नाही, आणि एका ब्रायडल बुकिंगच्या सरासरी दरावर आधारलेला आकडा वहीतून सिद्ध करून दाखवता येतो.